वस्तीच्या हापशाची वर्गणी : मार्च ते मे २०२५ च्या नोंदी

६ मार्च, गुरुवार

हापसा पडला. सकाळी साडेसहाला पुतण्या धावत आला, "काका, दांडा नुसता लोंबतोय." जाऊन बघितलं. एरवी दांडा सोडला की तो आपोआप वर जातो, कारण खाली बोअरमध्ये लोखंडी गजांची अख्खी माळ त्याला लटकलेली असते. आज दांडा खालीच पडून राहिला. म्हणजे गज वरच्या अंगालाच कुठेतरी सुटलाय. बायकांनी मात्र तोवर "बोअर आटला" असं जाहीर करून टाकलं होतं. बोअर आटला तर पाणी येत नाही, पण गजांचं वजन दांड्याला लागतंच. हे दोनदा सांगितलं, कुणी ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतं. रांगेत सतरा घागरी होत्या.

ग्रामपंचायतीत फोन केला. तक्रार पुढे पाठवतो म्हणाले.

१७ मार्च, सोमवार

अकरा दिवसांनी दुरुस्ती पथकाची गाडी आली. त्या माणसांना दोष देण्यात अर्थ नाही. तीन माणसं, एक गाडी आणि अख्ख्या तालुक्याचे हापसे.

आमचा हापसा इंडिया मार्क २. बोअर २१० फूट, त्यात तीन-तीन मीटरचे १५ पाइप उतरवलेत. म्हणजे सिलिंडर ४५ मीटरवर, सुमारे १४८ फुटांवर. या जातीच्या पंपात खालचं वायसर बदलायचं म्हटलं तरी सगळे पाइप वर काढावे लागतात. पाइप, गज आणि आतलं पाणी धरून वजन दोनशे किलोच्या वर जातं. वस्तीतली पाच पोरं हाताशी लागली तेव्हा कुठे दुपारी दोनपर्यंत सगळं बाहेर आलं.

वरून तिसऱ्या गजाची आटी झिजून गज निसटला होता. दोन पाइपांच्या आट्या गंजून खाल्लेल्या, ते बदलले. सिलिंडरमधली वायसरं मी हातात घेऊन बघितली. कडा चाकूसारखी पातळ. गाडीत नवीन नव्हती, "चालतील अजून" म्हणून तीच परत बसवली. इथे मी बोलायला हवं होतं. बोललो नाही.

पाइप बाहेर असताना एक काम उरकून घेतलं. सुतळीला पाण्याने अर्धी भरलेली बाटली बांधून बोअरमध्ये सोडली. ११८ फुटांवर पाणी लागलं. सिलिंडरच्या वर ३० फूट पाणी आहे. मार्चच्या मध्यात एवढं म्हणजे बरं. वहीत लिहून ठेवलं.

२३ मार्च, रविवार

तात्यांनी (धाकटे चुलते, पाणीपुरवठा समितीत आहेत) सांगितलं, हनुमान जयंतीला देवळापुढे सगळे जमतात, तेव्हा वर्गणीचं तू बोल. मी आयटीआय फिटर. भाषण हा माझा धंदा नाही. पण हिशोब जमतो. तालुक्याच्या दुकानातून भाव आणले आणि बसलो.

दरवर्षी दोन पाइप बदलायचे धरले : १,९००. दोन गज : ७६०. वायसरांचा एक संच : २४०. साखळी आणि बेअरिंग दोन वर्षांतून एकदा, ९०० रुपये, म्हणून वर्षाला ४५०. ग्रीस, नटबोल्ट : २५०. वर्षातून एकदा पंप उचलायला चार माणसांची मजुरी : २,०००. बेरीज ५,६००.

इथेच थांबलो असतो तर मागच्या खेपेचीच चूक झाली असती. पाइप कधीतरी सगळेच बदलावे लागणार. पंधरा पाइप आणि सिलिंडर मिळून १७,२५०. आठ वर्षांत एकदा धरलं तर वर्षाला २,१५० बाजूला टाकायला हवेत. शिवाय ओट्याची भेग आणि सांडपाण्याची नाली, ६५०. भेग क्षुल्लक वाटते, पण गुरं धुतलेलं पाणी त्याच भेगेतून केसिंगच्या कडेने परत बोअरमध्ये उतरतं.

एकूण ८,४००. महिन्याला ७००. वस्तीत ३८ घरं, त्यातली तीन अशी की त्यांच्याकडे मागणं बरं दिसत नाही. राहिली ३५. घरटी २० रुपये.

आकडा इतका सरळ आला की मलाच शंका आली. पुन्हा बेरीज केली. तीच.

३० मार्च, पाडवा

भाषण लिहिलं. दीड पान. "पाणी म्हणजे जीवन" पासून सुरुवात, मधे एकीचं बळ, शेवटी पुढच्या पिढीसाठी वगैरे. तात्यांना वाचून दाखवलं. ते गुढीखाली बसून कडुलिंबाची चटणी खात होते. म्हणाले, "हे शाळेत म्हण, पंधरा ऑगस्टला. इथं आक्का उठून विचारील, २०१९ साली शंभर-शंभर रुपये गोळा केले त्याचं काय झालं? तेव्हा तू काय सांगणार?"

खरंय. तेव्हाच्या तीन हजारांचा हिशोब असलेली वही हरवली. पैसे कुणी खाल्ले असं मला वाटत नाही. बहुतेक दोन पाइपांना गेले असावेत. पण वही नाही म्हणजे नाही. आणि वस्तीच्या लक्षात पाइप राहिले नाहीत, वही राहिली.

दीड पान फाडलं.

६ एप्रिल, रामनवमी

आज वहिनीला घेऊन हापशावर दोन चाचण्या केल्या. साध्या आहेत, बादली आणि घड्याळ एवढंच लागतं.

पहिली. एका मिनिटात दांडा पूर्ण खाली-वर असे ४० वेळा मारायचे आणि बादलीत किती पाणी पडलं ते मोजायचं. सिलिंडरचा व्यास साडेत्रेसष्ट मिलिमीटर, दांड्याच्या एका फेरीत आतला दट्ट्या १२५ मिलिमीटर सरकतो. गणित केलं तर एका वेळेला जेमतेम ४०० मिलिलिटर. चाळिसाला साधारण पंधरा लिटर पडायला हवं. आमचं पडलं ९.

दुसरी. हापशाला अर्धा तास कुणालाही हात लावू द्यायचा नाही, मग पाणी तोटीला यायला किती दांडे लागतात ते मोजायचं. पाचाच्या आत आलं तर ठीक. त्याहून जास्त लागले तर तळाचा व्हॉल्व्ह किंवा पाइपाचा एखादा सांधा गळतोय. आमचं चौथ्याला आलं. म्हणजे पाइप आणि व्हॉल्व्ह शाबूत, दोष फक्त वायसरांचा. दट्ट्या वर येताना पाणी त्याच्या कडेने परत खाली निसटतं.

वहिनी अर्धा तास हापशाला राखण बसली होती. दोन बायकांशी त्यावरून वाजलं. पण नऊ लिटरचा अर्थ मला तिनेच सांगितला. "म्हणजे भाऊजी, पंधरा लिटरची घागर चाळीस दांड्यांत भरायची, ती मी सदुसष्ट मारून भरते?"

मी भागाकार केला. सहासष्ट पूर्णांक काहीतरी. बरोबर होती.

भाषण तिथेच मिळालं.

१२ एप्रिल, शनिवार, हनुमान जयंती

सभा झाली. सुंठवडा वाटून झाल्यावर, साडेसातला, देवळाच्या पारावर. माणसं साठेक, त्यात बायका निम्म्याहून जास्त. मुद्दाम बादली आणि वायसर सोबत नेलं होतं. वायसर जुनं, आधीच्या दुरुस्तीतलं, घरी पडलेलं. आतली आत्ताही तशीच आहेत. पुतण्याने फोनवर रेकॉर्ड केलं, त्यावरून खाली उतरवतोय. अडखळलेलं गाळलं, बाकी बोललो तसंच.

"मंडळी, राम राम. मी पाण्याचं महत्त्व सांगायला उभा नाही. ते तुम्हाला मार्चच्या अकरा दिवसांनी सांगितलंय. मी दोन वस्तू आणल्यात. एक ही बादली. सहा तारखेला आपल्या हापशाचे चाळीस दांडे मारून हिच्यात पाणी धरलं. खडूची रेघ बघा. नऊ लिटर. वर दुसरी रेघ आहे, ती पंधराची. पंप धड असता तर तिथवर पाणी आलं असतं.

आता ही दुसरी वस्तू. हे वायसर. हात फिरवा कडेवरून, पुढे द्या. असली दोन वायसरं खाली दीडशे फुटांवर आहेत. तुम्ही दांडा मारता तेव्हा पाणी वर येतं आणि यांच्या कडेने परत खाली गळतं. घागरीला चाळीस दांडे पुरेत, तिथे सदुसष्ट लागतात. दिवसाला आठ घागरी भरणाऱ्या बाईने दोनशेच्या वर दांडे रोज फुकट मारले. खांदे दुखतात ते वयामुळे नाही, या रबरामुळे. अख्ख्या संचाची किंमत दोनशे चाळीस रुपये.

हा पंप तकलादू नाही. पूर्वी बिडाचे हापसे असायचे, एका घरापुरते बनवलेले. त्यांच्यावर गाव पाणी भरायला लागलं की ते मोडायचे. आपल्या सोलापुरात त्यापेक्षा दणकट पंप तयार झाला, त्याला सोलापूर पंपच म्हणायचे. त्यावरून सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीने हा मार्क दोन घडवला, आणि तो देशभर गेला. आपल्याच जिल्ह्यातली वस्तू आपल्याच दारात गंजतेय. पण दणकट झाला तरी त्याला ग्रीस लागतं, वायसर लागतं.

आता पैसे. मार्चमध्ये आपण चार टँकर मागवले. बाराशेप्रमाणे चार हजार आठशे. घरटी एकशे सव्वीस रुपये गेले, तेही कुणी कुरकुर न करता, कारण घशाला कोरड होती. मी मागतोय ते महिन्याला वीस. सहा महिन्यांचे होतात एकशेवीस. म्हणजे अकरा दिवसांत जे गेलं त्यात अर्धं वर्ष निघालं असतं.

कुणी म्हणेल, आम्ही पाणीपट्टी भरतो, ग्रामपंचायत पंपाची वर्गणी वर भरते, मग परत कशाला? बरोबर आहे प्रश्न. पथक येतं, यापुढेही येईल. पण ते पंप पडल्यावर येतं. पंप पडू नये म्हणून साखळीला ग्रीस, बोल्ट आवळणं, वायसर वेळेवर, नवं वायसर आपल्या घरात तयार ठेवणं, हे दुसऱ्या गावचा माणूस येऊन करणार नाही. गाडीत सामान नसलं तर आपल्याकडे असेल. वीस रुपये त्यासाठी.

आणि एक गोष्ट मी आत्ताच सांगतो, म्हणजे मे महिन्यात मला कुणी धरायचं नाही. या पैशाने बोअरमध्ये पाणी वाढणार नाही. मार्चमध्ये पाणी ११८ फुटांवर होतं, आपलं सिलिंडर १४८ वर. पाणी त्याच्याही खाली गेलं तर सोन्याचं वायसर घातलं तरी थेंब येणार नाही. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक बोअरपासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय नवा बोअर घ्यायचा नाही असं बंधन आपल्या राज्यात १९९३ च्या कायद्याने आलं. कुणाच्या मनात असेल तर हे ध्यानात ठेवा, आणि माझ्यावर रागावू नका.

२०१९ च्या वहीचं मला माहीत नाही. मी तेव्हा पुण्याला होतो. म्हणून पैसे माझ्याकडे ठेवू नका. कुणाकडे ठेवायचे ते तुम्ही सांगा. माझं संपलं."

१३ एप्रिल, रविवार

काल रात्री बोलून झाल्यावर खरी सभा सुरू झाली. झोप लागण्याआधी मुद्दे टिपले होते, आज नीट लिहितोय.

आक्कांनीच सुरुवात केली, तात्यांनी सांगितल्याप्रमाणे. पण वही कुठे गेली हे विचारलं नाही. म्हणाल्या, "पैसे बापयांच्या हातात नको. आमचा बचत गट दर पाच तारखेला बसतो. त्यात वेगळं रजिस्टर घालू. हापशाचं हापशाला." मी यावर तीन आठवडे डोकं खाजवत होतो, संयुक्त खातं, दोन सह्या वगैरे. गटाच्या बैठकीला पंचवीस घरच्या बायका आधीच जमतात, एकमेकींच्या पैशांवर नजर ठेवायची त्यांना सवय आहे. माझ्या कागदावर हे नव्हतंच.

दुसरा वाद घरच्या बोअरवाल्यांचा. सहा घरं. "आम्ही हापशाला येतच नाही." यावर मी काही बोलणार तोच मागून एक आवाज आला, गेल्या जूनमध्ये डीपी जळाला होता तेव्हा नऊ दिवस तुमच्या घरची सून कुठे पाणी भरत होती? हशा झाला. सहातल्या चौघांनी मान डोलावली. दोघे गप्प बसले.

तिसरा गुरांचा. दोन शेळ्यांचं घर आणि सहा म्हशींचं घर, दोघांनी सारखेच वीस का द्यायचे? हे मला सुचलं नव्हतं. वजनदार प्रश्न आहे, कारण संध्याकाळी हापशावर सगळ्यात जास्त वेळ म्हशीवालेच असतात. चार किंवा जास्त मोठी जनावरं असतील तर तीस रुपये, असं ठरलं. अशी पाच घरं आहेत. पन्नास रुपये महिन्याला जास्त येतील, त्यात सूट दिलेल्या तीन घरांचं जवळजवळ भागतं.

पोरांनी मजुरीचे दोन हजार कापायला सांगितले. "पाइप आम्ही उचलतो की फुकट." तात्या म्हणाले, रक्कम राहू दे कागदावर. फुकटचा उत्साह पहिल्या खेपेला असतो. पोरांना लागलं असावं, पण माझंही मत तेच आहे.

पहिला हप्ता तीन महिन्यांचा एकदम, साठ रुपये. नाहीतर सुरुवातीला हातात काहीच राहत नाही.

१ मे, गुरुवार

ग्रामसभेत विषय घेतला. पंप ग्रामपंचायतीच्या मालकीचा, तेव्हा ठराव नसताना आपण पाना लावला तर उद्या काही मोडलं की आपल्या गळ्यात. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी अट घातली : साखळी, ग्रीस, बोल्ट ही वरची कामं वस्तीने करावीत; पाइप काढायचे असतील तर पथकाला कळवून, त्यांच्यासमोर. मान्य. क्लॅम्प निसटून पंधरा पाइप तळाला गेले तर बोअरच जातो, हे मी एकदा डोळ्यांनी पाहिलंय.

५ मे, सोमवार

गटाच्या बैठकीत पहिली वसुली. ३५ पैकी २९ घरं. साठप्रमाणे १,७४०, चार म्हशीवाल्यांचे जास्तीचे प्रत्येकी तीस, म्हणजे १२०. एकूण १,८६०. पाचवा म्हशीवाला आठवड्याच्या बाजारानंतर देतो म्हणाला. न दिलेल्यांत गप्प बसलेली ती दोन घरं आहेत.

वायसरांचे दोन संच आणले, एक बसवायला, एक आक्कांच्या पेटीत. ४८०. ग्रीसचा डबा १२०.

११ मे, रविवार

हापशाच्या डोक्यावरचं झाकण उघडून साखळीला ग्रीस लावलं. दांडा आडवा हलवून बघितला, किंचित डुगडुगतो. बेअरिंग यंदा चालेल, पुढच्या वर्षी नाही. डुगडुग वाढली की दांडा बाजूच्या पत्र्याला घासायला लागतो, तेव्हा बदलायचं.

बारकी पोरं अर्धवट, भराभर दांडे मारतात ते थांबवायला हवं. छोट्या झटक्यांनी बेअरिंग एकाच जागी खातं आणि साखळीला हिसके बसतात. पूर्ण, लांब, सावकाश मारले तर पाणीही जास्त पडतं. पोरांना सांगितलं. त्यांनी माझ्यासमोर दहा नीट मारले.

१८ मे, रविवार

पथकाने सवड काढून सुट्टीच्या दिवशी गाडी आणली. सामान आपल्याकडे आहे म्हटल्यावर लगेच तयार झाले. सकाळी आठला सुरुवात, साडेबाराला पंप परत उभा. सात पोरं होती. चहा-पोह्याचे १८०. शिल्लक १,०८०.

पाण्याची पातळी पुन्हा मोजली. १२६ फूट. दोन महिन्यांत आठ फूट खाली. सिलिंडरच्या वर २२ फूट उरलंय.

मग बादली आणली. या खेपेला मी दांड्याला हात लावला नाही, वहिनीने मारले, आक्कांनी मोठ्याने मोजले, पोरांनी घड्याळ धरलं. चाळिसाव्याला पाणी खडूच्या वरच्या रेघेला बोटभर कमी होतं. साडेचौदा धरू.

देवळाच्या भिंतीवर ऑइल पेंटने लिहिलं : जमा १,८६०, खर्च ७८०, शिल्लक १,०८०, दांडे ४०, लिटर साडेचौदा. शेवटचे दोन आकडे लिहावेत हा आक्कांचा आग्रह.

२९ मे, गुरुवार

यंदा पाऊस मे महिन्यातच आला, धो धो. हापशाजवळ पाणी साचलं आणि ओट्याची भेग दिसेनाशी झाली, म्हणजे पाण्याखाली गेली. ६५० रुपये आधी तिथे घालायचे, पाइप नंतर. गटाला निरोप दिला.

गप्प बसलेल्या दोन घरांपैकी एका घरची सून काल साठ रुपये देऊन गेली. रजिस्टरमध्ये स्वतःचं नाव लिहा म्हणाली, सासऱ्याचं नको.